चौदा टक्के स्वस्त आटा, जो शेवटी महाग पडला: नागपुरातल्या एका घराचा हिशोब

हे प्रकरण माझ्या लहान भावाच्या घरचं आहे, आणि त्याची परवानगी घेऊनच लिहितेय, फक्त त्याने एक अट घातली की तेलाच्या डब्याबद्दल त्याची बाजू पण लिहायची. लिहिते, शेवटी लिहिते.

घर तिघांचं. भाऊ, भावजय आणि सहा वर्षांची मुलगी. मनीषनगरकडे भाड्याचा दोन खोल्या-हॉलचा फ्लॅट, स्वयंपाकघर एवढंसं की दोघी उभ्या राहिलो तर तिसऱ्याने बाहेर थांबायचं. माझे सासरे इतवारीत एका धान्याच्या दुकानात वर्षानुवर्षं वहीखातं सांभाळायचे, त्यामुळे आमच्या घरी गहू, डाळ, कीड, ओल हे विषय टीव्हीवरच्या सिरियलसारखे रोज चालायचे, आणि तिथूनच मला ही हिशोबाची खोड लागली.

तर झालं असं की 22 जूनला, शनिवारी, दोघं एका मोठ्या होलसेल टाइप मार्टमध्ये गेले. बाहेर बोर्ड, आत बोर्ड, सगळीकडे बोर्ड. घरी आले तेव्हा गाडीच्या डिक्कीत दहा-दहा किलोच्या आट्याच्या दोन बॅगा, सोयाबीन तेलाचा 15 लिटरचा डबा, आणि 6 किलो वॉशिंग पावडर. मी योगायोगाने तिथेच होते. भावजय म्हणाली, "ताई, तुम्हीच सांगा यांना, एवढा आटा कोण खाणार आहे जी?" आणि भाऊ म्हणाला, "अगं खराब होते का आटा? 353 रुपये वाचले, बिलावर लिहिलं आहे ना बाप्पा."

बिलावर खरंच लिहिलं होतं. आटा नेहमी ते 5 किलोची पिशवी घ्यायचे 245 ला, म्हणजे किलोला 49. दोन मोठ्या बॅगा मिळून 840 ला, म्हणजे किलोला 42. वीस किलोवर 140 वाचले. तेलाचं पाऊच लिटरला 146 चं, डबा 2085 चा, म्हणजे लिटरला 139, तिथे 105. वॉशिंग पावडर किलोच्या पाकिटात 118 ची, सहा किलोचं पाकीट 600 ला, तिथे 108. बेरीज 353. यात कुठेही खोटं नाही. दुकानाने काही फसवलेलं नाहीये हे आधीच सांगते, नाहीतर वाचणारे लगेच तिकडे धावतात.

मी त्या दिवशी फक्त एक गोष्ट केली, आट्याची बॅग उलटी केली. पॅकिंगची तारीख 20 एप्रिल. खाली, बेस्ट बिफोर तीन महिने. म्हणजे 20 जुलै. आज तारीख 22 जून, राहिले 28 दिवस.

आता या घरात रोज आटा किती लागतो? भावजयला विचारलं तर ती म्हणाली "दोन वाट्या सकाळी, एक संध्याकाळी", पण वाटी म्हणजे काय माप नाही, म्हणून आम्ही किचनच्या वजनकाट्यावर मोजलं, तर दिवसाला साधारण 250 ग्रॅम निघालं. दोन डबे, संध्याकाळच्या थोड्या पोळ्या, कधी भात असला की कमी. 28 दिवस गुणिले पाव किलो म्हणजे 7 किलो. तारखेच्या आत हे घर जास्तीत जास्त 7 किलो खाऊ शकत होतं आणि घरात आले होते 20. पहिली बॅगच 40 दिवस चालणार, म्हणजे 1 ऑगस्टपर्यंत. म्हणजे दुसरी बॅग उघडायच्या आधीच तिची तारीख निघून जाणार हे त्या शनिवारी बिलाच्या मागच्या बाजूला पेनने मांडता आलं असतं. पण आपण बोर्ड बघतो, बॅग उलटी करत नाही. आणि मार्टमध्ये ज्या मालावर मोठी सूट असते तो बरेचदा तारीख जवळ आलेला माल असतो, त्यांनाही जागा रिकामी करायचीच असते, यात त्यांचं काही चुकत नाही.

बेस्ट बिफोर उलटली म्हणजे दुसऱ्या दिवशी विष होत नाही, हे मान्य. पण आट्याच्या बाबतीत ती तारीख उगीच तीन महिन्यांची नसते. गहू अख्खा असतो तेव्हा त्याच्या आतलं तेल अंकुराच्या आणि कोंड्याच्या आत बंद असतं. दळलं की ते तेल पिठात सगळीकडे पसरतं, हवा लागते, आणि गव्हातच जे पाचक द्रव्य असतं ते त्या तेलाला फोडायला सुरुवात करतं. त्यातून जी चव येते तिला आपण खवट म्हणतो. उन्हाळ्यात तापलेल्या घरात हे लवकर होतं. मैद्यात कोंडा आणि अंकुराचा भाग काढून टाकलेला असतो म्हणून तो जास्त टिकतो, पूर्ण गव्हाचा आटा तेवढा टिकत नाही. म्हणून आमचे सासरे म्हणायचे गहू वर्षाचा भरा, पीठ पंधरा दिवसांचं. मी हे तेव्हा म्हातारपणाचं वाक्य समजायचे.

मग कीड. नागपुरात लोक म्हणतात की 45 डिग्रीत काय किडे जगतील. बाहेरच्या कोरड्या उन्हात खरंच त्यांचं फारसं चालत नाही, म्हणून तर आपण धान्य ऊन दाखवून भरतो. पण आपल्या घरात तसं ऊन नसतं ना, आपल्या घरात कूलर असतो. आणि कूलर काय करतो तर गवताच्या ओल्या पॅडमधून हवा खेचतो, खोली थंड करतो आणि दमट पण करतो. तिशीच्या आसपास तापमान आणि दमट हवा, ही सोनकिड्याला हवी तशीच सोय, अशात अंड्यापासून पूर्ण किडा व्हायला साधारण तीन-चार आठवडे पुरतात. यांच्या घरात दुसरी बॅग किचनमध्ये मावली नाही, म्हणून हॉलमध्ये कोपऱ्यात, सोफ्याच्या मागे ठेवली होती, आणि कूलरची खिडकी नेमकी त्याच भिंतीला. जूनच्या शेवटी पाऊस सुरू झाला तरी उकाडा होता म्हणून कूलर चालूच, म्हणजे बाहेरची ओल वर आतली ओल. जुलैभर हे असं.

2 ऑगस्टला भावजयने दुसरी बॅग उघडली. मला फोन, "ताई, आट्याला वास येतोय का मलाच वाटतंय?" मी संध्याकाळी गेले. वरचा आटा ठीक दिसत होता, खाली हात घातला तर भिंतीकडच्या बाजूला सुपारीएवढे गठ्ठे, दाबले की फुटणारे. दोन-तीन तांबूस किडे, तीन-चार मिलिमीटरचे, चपटे. तोच सोनकिडा. हा अख्ख्या गव्हाच्या दाण्यात सहसा शिरत नाही, त्याला फुटलेला दाणा किंवा पीठच लागतं. त्यामुळे ज्यांच्या घरी गहू साठवलेला असतो त्यांना त्याचा त्रास कमी, त्यांना टोक्याचा त्रास, टोका दाण्याला भोक पाडतो. दोन वेगळी जनावरं आहेत, आपण सगळ्यांनाच "कीड लागली" म्हणतो.

किती किडे आहेत हे बघायचा एक सोपा प्रकार आहे. पीठ डब्यात भरून वरचा भाग वाटीच्या तळाने दाबून एकदम सपाट करायचा, झाकण लावून ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघायचं. वर बारीक नागमोडी रेघा दिसल्या तर आत वस्ती आहे. एक-दोन रेघा म्हणजे आत्ताच आलेत, चाळून, चार-पाच दिवस फ्रीजरमध्ये ठेवून, परत चाळून वापरता येतं. आमच्या डब्यात सकाळी रांगोळी काढल्यासारखं दिसत होतं.

तरी भावाने फेकू दिलं नाही. 420 रुपयांची बॅग आहे म्हणाला, चाळ आणि वापर. भावजय रोज चाळायची. बारा दिवसांत 3 किलो संपला. पण पोळीला कडवट चव यायला लागली, मुलीने डबा परत आणायला सुरुवात केली, भावाने ऑफिसमध्ये कोणाला तरी पोळी दिली आणि त्या माणसाने नम्रपणे घेतली नाही. चाळणीने किडा निघतो हो, पण किड्याने पिठात सोडलेला तो तिखट उग्र वासाचा द्रव निघत नाही, आणि खवटपणा तर पिठातच मुरलेला असतो, तो कुठल्या चाळणीने निघेल? पिठाला उग्र वास यायला लागला किंवा रंग जरा गुलाबी-करडा दिसायला लागला की तिथेच थांबायचं. एक चिमूट पीठ तळहातावर चोळून वास घ्यायचा आणि जिभेला लावून बघायचं, गव्हाची गोडसर चव न येता मागून कडू लागलं तर चाळायला बसू नये, संध्याकाळ वाया जाते.

14 ऑगस्टला उरलेलं 7 किलो पीठ काढलं. गल्लीतल्या दूधवाल्याला विचारलं की गायीला चालेल का, तर तो म्हणाला एकदम एवढं पीठ गायीच्या पोटात गेलं तर पोट फुगते ताई, आणि किडलेलं तर नकोच. शेवटी मातीत, कंपोस्टच्या ड्रममध्ये गेलं.

आता हिशोब. पैसे दिले 840. खाल्ला गेला 13 किलो. म्हणजे खाल्लेल्या किलोला 64 रुपये 60 पैसे. हाच 13 किलो त्यांनी नेहमीच्या छोट्या पिशवीच्या भावाने घेतला असता तर 637 लागले असते. वाचले 140 नाहीत, गेले 203.

इथे एक हिशोब माझ्या डोक्यात पक्का बसला, तो सांगते, कारण दुकानात उभं राहून मोबाईलशिवाय करता येतो. मोठ्या पॅकवर जेवढे टक्के सूट आहे, तेवढेच टक्के माल वाया गेला की सूट संपते. बरोबर तेवढेच. इथे सूट 49 वरून 42, म्हणजे 14 टक्के आणि वर थोडी. 20 किलोच्या 14 टक्के म्हणजे 2 किलो 800 ग्रॅम. तेवढा आटा गेला असता तरी बरोबरी झाली असती, त्यापुढचा प्रत्येक किलो घरातून. यांचा गेला 7. उलटं पण बघा, सूट फक्त चार-पाच टक्के असेल तर 15 किलोच्या पोत्यात पाऊण किलो सांडलं, चिकटलं, उंदराने नेलं, की खेळ खलास. आणि हे गृहीत धरून की छोट्या पॅकमध्ये काही वाया जात नाही, जे साधारण खरं असतं कारण पाच किलोची पिशवी वीस दिवसांत संपते.

तेलाचं प्रकरण मात्र वेगळं निघालं, तिथे कीडबीड काही नाही.

त्याआधी एक छोटी गंमत. शेजारच्या काकूंनी दुसरीकडून डबा आणला होता, 2200 चा, आणि भाऊ त्यांना सांगत होता की मी स्वस्त आणला. काकूंचा डबा 15 किलोचा होता. याचा 15 लिटरचा. सोयाबीन तेल लिटरला साधारण 910 ग्रॅम भरतं, म्हणजे 15 लिटर म्हणजे फक्त 13 किलो 650 ग्रॅम. किलोने बघितलं तर याचं 152 रुपये 75 पैसे पडलं आणि काकूंचं 147 च्याही खाली. बाहेरून डबे सारखेच दिसतात. पाऊचचं पण तसंच झालंय, आता सगळी पाऊच एक लिटरची नसतात, काही 850 ग्रॅमची, काही आणखी कमी, त्यामुळे पाऊच आणि डबा यांची तुलना करायची तर पाकिटावर बारीक अक्षरात जी युनिट सेल प्राईस, म्हणजे एका मापाचा भाव, छापलेली असते ती बघायची, आणि ती पण दोन्हीकडे वजनावरच आहे का हे बघायचं. यांचं नेहमीचं पाऊच लिटरचंच होतं, म्हणून 105 रुपये वाचल्याचा हिशोब तरी बरोबर होता.

पाऊचच्या काळात हे घर महिन्याला तीन लिटर तेल वापरायचं. तीन पाऊच, संपलं की संपलं, महिन्याच्या शेवटी भावजय चमच्याने वापरायची. त्या हिशोबाने डबा पाच महिने, नोव्हेंबरच्या शेवटापर्यंत चालायला हवा होता. दिवाळीचा फराळ सुरू व्हायच्या आधी, ऑक्टोबरच्या मध्यातच तो वाकडा करायची वेळ आली. साडेतीन महिन्यांच्या वर थोडे दिवस. तेवढ्यात नेहमीच्या वापराने 11 लिटर लागलं असतं, गणपतीचं तळण मी एक लिटर धरते, झाले 12. उरलेले तीन?

त्यातलं एक लिटर तळाशी होतं आणि त्याला माशासारखा वास येत होता. डबा गॅसच्या ओट्याखाली, गरम जागी, वर पाडलेलं भोक उघडं, आणि डबा जसा रिकामा होतो तशी आत हवा वाढत जाते, शेवटच्या दोन-तीन लिटरला सगळ्यात जास्त हवा लागते. सोयाबीनच्या तेलात हवेने लवकर बिघडणारा भाग बराच असतो, आणि ते बिघडलं की असाच वास येतो. शेंगदाण्याच्या, म्हणजे आपल्या फल्लीच्या तेलाला त्या मानाने एवढं लवकर होत नाही. राहिलेले दोन लिटर कुठे गेले याचं उत्तर भावजयनेच दिलं. "ताई, डब्यातून कढईत ओततो नं, थांबतच नाही ते." पाऊचमधून बरणीत, बरणीतून पळीने जायचं, आता डब्यातून थेट. शिवाय घरात एवढं तेल आहे म्हटल्यावर रविवारी भजी, बुधवारी पुऱ्या, पावसाळा आहे म्हणून तर्री जरा सढळ.

म्हणजे कामाचं तेल 12 लिटर, पैसे 2085. लिटरला 173 रुपये 75 पैसे. पाऊचनेच 12 लिटर घेतलं असतं तर 1752. इथे गेले 333.

वॉशिंग पावडरीत मात्र 108 रुपये पूर्ण वाचले. ती सडत नाही, तिला कीड लागत नाही, जरा गठ्ठा झाला तरी पाण्यात विरघळते, आणि भावजयने जुन्या पाकिटातला मापाचा चमचा जपून ठेवला होता म्हणून वापर वाढला नाही. मोठं पॅक कुठे परवडतं याचं उत्तर त्या पाकिटातच होतं. जे बिघडत नाही, आणि जे हाताने नाही तर मापाने काढलं जातं.

तिन्ही मिळून, 353 वाचायच्या ठिकाणी 428 गेले. आटा भरायला घेतलेले दोन प्लास्टिकचे डबे 480 चे, ते मी यात धरले नाहीत, कारण डबे राहतात. पण एक सांगते, त्यातला एकच कामाला आला, दुसऱ्याला किचनमध्ये जागाच नव्हती, म्हणूनच तर बॅग सोफ्यामागे गेली. जागा नसेल तर मोठं पॅक नेमकं घरातल्या सगळ्यात वाईट जागी जाऊन बसतं, जिथे रोज नजर जात नाही, आणि बिघाड पण तिथेच होतो.

सप्टेंबरपासून भावजयने बदल केला. माझ्याकडून तिने 30 किलो गहू नेला, मी एप्रिलमध्ये भरलेल्या कोठीतला, ऊन दाखवलेला, कडुनिंबाचा पाला घातलेला. 36 च्या भावाने पडला, दळण किलोला 7. झाले 43, म्हणजे त्या ऑफरवाल्या आट्यापेक्षा एक रुपया जास्त. दर वेळी 5 किलोच दळून आणते, वीस दिवसांत संपतं. यातही कटकट आहे, चक्कीवर जावं लागतं, निवडताना थोडा कचरा निघतो, पावसात कोठीचं झाकण नीट लावलं नाही तर टोके होतात, आणि नवरा-बायको दोघं नोकरीला असतील तर दळण आणणं म्हणजे रविवारची एक फेरी. ज्यांना ते जमत नाही त्यांनी सरळ 5 किलोची पिशवी घ्यावी, मी तरी हसणार नाही.

आता भावाची बाजू. त्याचं म्हणणं असं की जास्तीचं दोन लिटर तेल वाया गेलं असं तुम्ही धरूच शकत नाही, ते आम्ही खाल्लं, आणि भजी चांगली झाली होती. यात दम आहे, म्हणून मी त्याला तेवढे 292 रुपये परत देऊन टाकले, हिशोबात. मग तेलाचा तोटा 41 वर येतो आणि एकूण तोटा 136. त्यावर तो म्हणतो रिकामा डबा भंगारवाल्याला 20 रुपयांना विकला ते पण धर. धरले. 116.

दिवाळीला परत त्याच मार्टमध्ये गेले होते दोघं. तेलाचा डबा आणलाच त्याने. पण या वेळी लिटरचा नाही, किलोवर मोजलेला, आणि घरी आल्या-आल्या भावजयने तो पाच स्टीलच्या बरण्यांत भरला, काठोकाठ, आणि चार बरण्या माझ्याकडे ठेवायला पाठवल्या.